ऑरेंज वाइन: सालींसकट आंबवलेली पांढरी द्राक्षे

ऑरेंज वाइन संत्र्यांपासून नव्हे, पांढऱ्या द्राक्षांपासून बनते. नेहमीच्या व्हाइट वाइनसाठी द्राक्षे दाबून रस लगेच सालींपासून वेगळा करतात. ऑरेंज वाइनमध्ये मात्र रस, साली आणि बिया एकत्रच आंबतात. त्यांतून रंग आणि टॅनिन रसात उतरते. त्यामुळे वाइन सोनेरी-नारिंगी दिसते आणि कोऱ्या चहासारखी किंचित तुरट लागते.

जॉर्जियातील काखेती प्रांतात र्कात्सितेली जातीची द्राक्षे चिरडून, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या क्वेव्री नावाच्या मातीच्या रांजणात भरतात. आंबताना साली वर तरंगतात. त्या दिवसातून अनेकदा दांड्याने खाली ढकलाव्या लागतात. कोरड्या राहिल्या, तर व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. आंबण्याची क्रिया संपली की रांजण बंद करून वाइन सालींसह सहसा वसंतापर्यंत ठेवतात. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

फार थंड वाढली, तर हिचा तुरटपणा बोचतो आणि गंध दबतो. म्हणून बाटली फ्रिजमधून थोडी आधी काढावी आणि वाइन १२ ते १४ अंश सेल्सिअसला, रुंद पेल्यात द्यावी. तळाशी गाळ असला, तर बाटली आधी काही तास उभी ठेवावी. अक्रोड घातलेले पदार्थ, मटण आणि मुरवलेले चीज यांच्यासोबत ती चांगली लागते.