रेल्वे कुठे तोडायची?

१९५५ साली अमेरिकेतल्या रँड संस्थेत हॅरिस आणि रॉस यांनी एक गुप्त अहवाल लिहिला. विषय होता सोव्हिएत संघाकडून पूर्व युरोपकडे जाणारी रेल्वे. या जाळ्यातून जास्तीत जास्त किती माल जाऊ शकतो आणि कमीत कमी किती क्षमतेचे मार्ग तोडले की तो पूर्ण थांबेल, हे त्यांना हवं होतं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आकडा असतो, हे रँडमधल्याच फोर्ड आणि फुल्करसन यांनी त्याच सुमारास सिद्ध केलं.

एक छोटं जाळं घेऊ. उगम ‘उ’, शेवट ‘श’, मधे ‘अ’ आणि ‘ब’ ही स्टेशनं. रोजच्या मालगाड्यांची मर्यादा अशी: उ→अ ५, उ→ब २, अ→ब १, अ→श ३, ब→श ३. उ-अ-श मार्गाने ३ गाड्या सोडल्या, उ-ब-श मार्गाने २ आणि उ-अ-ब-श मार्गाने १. झाल्या ६. आणखी एकही बसत नाही.

आता ‘उ’पासून निघायचं आणि जिथे अजून जागा शिल्लक आहे त्याच वाटेने पुढे जायचं. एखाद्या वाटेवरून गाड्या आधीच येत असतील तर तिच्यावरून उलटंही जाता येतं, कारण त्या गाड्या कमी करता येतात. उ→अ वर एका गाडीची जागा आहे, म्हणून ‘अ’ गाठता येतं. तिथून पुढच्या दोन्ही वाटा भरलेल्या, उ→ब सुद्धा भरलेली. म्हणजे उ आणि अ अलीकडे, ब आणि श पलीकडे. सीमा ओलांडणाऱ्या वाटा: उ→ब २, अ→ब १, अ→श ३. बेरीज ६. हाच सर्वांत लहान छेद.

हे जुळलं ते योगायोगाने नाही. ‘उ’ला ‘श’पासून तोडणारा कुठलाही छेद घ्या, प्रत्येक गाडीला तो ओलांडावाच लागतो. त्यामुळे प्रवाह कुठल्याच छेदाच्या क्षमतेपेक्षा मोठा असू शकत नाही. आपल्या सीमेवर मात्र पलीकडे जाणारी प्रत्येक वाट काठोकाठ भरलेली असते, नाहीतर शोध तिच्यावरून पुढे गेला असता. अलीकडे येणारी वाट असलीच तर ती रिकामी असते, नाहीतर तिच्यावरून उलटं जाता आलं असतं. मग निव्वळ प्रवाह म्हणजेच छेदाची क्षमता. इतका लहान छेद सापडल्यावर त्याहून मोठा प्रवाह किंवा त्याहून लहान छेद संभवतच नाही.

पुष्कळांचा पाय घसरतो तो इथे: भरलेल्या सगळ्या वाटा म्हणजेच छेद, असं वाटतं. आपल्या जाळ्यात ब→श सुद्धा भरलेली आहे. तीही धरली तर बेरीज ९ होते आणि चूक तिथेच कळते. मात्र अ→श आणि ब→श या दोनच वाटा घेतल्या, तर ६ चाच दुसरा छेद मिळतो. म्हणून उ→ब वाट रुंद करून काही साधत नाही, कारण पुढे ब→श अडवते. अ→श दोन्ही छेदांत आहे. तिची मर्यादा ४ केली की लगेच ७ गाड्या जातात.