एक वजा केला की काय होतं

कोडिंग टेस्टला बसणाऱ्या मुलांना हा प्रश्न हमखास भेटतो: एक संख्या दिली आहे, तिच्या बायनरी रूपात १ हा अंक किती वेळा येतो? अशा १ ला त्या क्षेत्रात ‘सेट बिट’ म्हणतात.

हे वजनकाट्यावर नीट दिसतं. समजा, दुकानात १, २, ४, ८, १६ आणि ३२ किलोचं प्रत्येकी एकच वजन आहे. ५२ किलोचं पोतं तोलायचं तर पारड्यात ३२, १६ आणि ४ ही वजनं ठेवावी लागतील. मोठ्या वजनापासून सुरुवात करून ठेवलेल्या वजनासाठी १ आणि न ठेवलेल्यासाठी ० लिहीत गेलं की 110100 मिळतं. वजनं तीन लागली, म्हणून सेट बिटही तीन.

सरळ उपाय असा की शेवटचा अंक बघायचा, १ असेल तर मोजायचा, सगळी संख्या एक घर उजवीकडे सरकवायची आणि पुन्हा तेच करायचं. उत्तर बरोबर येतं. पण १०७३७४१८२४ या संख्येत सेट बिट एकच आहे आणि तोही अगदी डावीकडे. त्याच्यापर्यंत पोचायला ३१ फेऱ्या होतात, त्यातल्या ३० नुसती शून्यं बघण्यात जातात.

शून्यांना हात न लावता थेट १ वर उडी मारता येते, आणि मला ही युक्ती फार आवडते, कारण ती आपण दुसरी-तिसरीत शिकलेल्या वजाबाकीतूनच निघते. ५००० मधून १ वजा करा. शेवटी शून्य, म्हणून शेजाऱ्याकडे हातचा मागायचा. तिथेही शून्य, म्हणून पुढे. शेवटी ५ एकाने कमी होतो आणि उजवीकडची सगळी शून्यं ९ होतात: ४९९९. बायनरीतही असंच घडतं. सर्वांत उजवीकडचा १ हातचा देऊन ० होतो, त्याच्या उजवीकडची शून्यं १ होतात आणि डावीकडचं काहीच हलत नाही. आता मूळ संख्या आणि ही नवी संख्या एकाखाली एक मांडून ‘अँड’ करायचं, म्हणजे दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवायचा:

```
52       110100
51       110011
52 & 51  110000   (48)
```

४ किलोचं वजन पारड्यातून उतरलं, बाकीची दोन जागेवर राहिली. ४८ आणि ४७ वर हेच केलं की ३२ उरतात. ३२ आणि ३१ वर केलं की शून्य. फेऱ्या तीन, उत्तर तीन.

```python
def count(n):
    c = 0
    while n:
        n = n & (n - 1)
        c += 1
    return c
```

पुष्कळ जण ही रीत ब्रायन कर्निगन यांच्या नावानं ओळखतात. ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’ या पुस्तकाच्या १९८८ च्या आवृत्तीत ती स्वाध्याय म्हणून आहे. पण पीटर वेगनर यांनी ती १९६० मध्येच ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये छापली होती.

दुसरा नेहमीचा प्रश्न यातूनच सुटतो: दिलेली संख्या दोनचा घात आहे का? १, २, ४, ८ यांना तोलायला एकच वजन पुरतं. ते उतरवलं की शून्य उरायला हवं.

```c
n > 0 && (n & (n - 1)) == 0
```

इथला `n > 0` बरीच मुलं विसरतात. शून्यात मुळात वजनच नाही, त्यामुळे ‘अँड’ केल्यावरही शून्यच येतं आणि प्रोग्राम शून्याला दोनचा घात ठरवून मोकळा होतो. कंसाची चूक याहून फसवी. सी भाषेत `n & (n - 1) == 0` असं लिहिलं तर आधी ‘n - 1 शून्य आहे का’ हे तपासलं जातं आणि मग ‘अँड’ होतं. मग १ ला ‘हो’ येतं, पण ८ ला ‘नाही’. नमुन्याला फक्त १ आणि ६ देऊन बघणाऱ्याला दोन्ही उत्तरं बरोबर दिसतात आणि चूक तशीच राहते. म्हणून ०, १, ६ आणि ८ या चारही संख्या हातानं चालवून बघाव्यात.

ऋण संख्यांचा प्रश्न भाषेवर अवलंबून असतो. जावातला इंट ३२ घरांचा असतो आणि −१ मध्ये ती सगळी घरं १ नं भरलेली असतात. वरची रीत तिथे ३२ उत्तर देऊन थांबते. पायथॉनमध्ये संख्येला घरांची मर्यादा नाही. −१ च्या डावीकडे १ संपतच नाहीत असं तिथे धरलं जातं. म्हणून वरचा `count` −१ वर चालवला तर n होतो −२, मग −४, −८, −१६, आणि शून्य कधीच येत नाही. पडद्यावर चुकीचं उत्तर दिसत नाही, फक्त वेळ संपल्याचा निरोप येतो. तो आला की आधी तपासायचं, दिलेल्या संख्यांत एखादी ऋण तर नाही ना.