सहा मिनिटे रिकामी, सत्तावीस मिनिटे रांग

एखाद्या स्थानकावर आरक्षणाची एकच खिडकी आहे, असे समजू. तासाला सरासरी १८ माणसे येतात आणि एकेकाचे काम उरकायला क्लार्कला सरासरी ३ मिनिटे लागतात. म्हणजे तासाला २० जणांचे काम होऊ शकते आणि येतात १८च. क्लार्क तासातली सरासरी ५४ मिनिटे कामात असतो, ६ मिनिटे त्याच्यासमोर कोणीही नसते. साध्या हिशेबाने इथे रांग लागायचे काही कारण दिसत नाही. तरीही या खिडकीवर येणाऱ्याला आपला नंबर लागेपर्यंत सरासरी २७ मिनिटे ताटकळावे लागते.

माणसे घड्याळ लावून दर तीन मिनिटे वीस सेकंदांनी एक अशी आली असती आणि प्रत्येकाचे काम बरोबर तीन मिनिटांत झाले असते, तर कोणालाही थांबावे लागले नसते. पण माणसे आपापल्या सोयीने येतात, एकमेकांना विचारून नव्हे. अशा येण्याचे गणित पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रावरून मांडता येते. तासाला १८ म्हणजे पाच मिनिटांना सरासरी दीड माणूस. तरी कुठलीही पाच मिनिटे घेतली, तर त्यात एकही माणूस न येण्याची शक्यता २२ टक्के असते, आणि चार किंवा त्याहून जास्त जण येण्याची साडेसहा टक्के. पाच मिनिटांत क्लार्कच्या हातून दोन कामेही धड होत नाहीत, त्यामुळे चौघे एकदम आले की रांग वाढते. आधीच्या रिकाम्या पाच मिनिटांचा तेव्हा काही उपयोग नसतो, कारण रिकामा वेळ साठवून ठेवता येत नाही. तोटा इथेच होतो.

कामाचा वेळही असाच लहरी. एकाला फक्त गाडीत जागा आहे का, एवढेच विचारायचे असते; दुसऱ्याच्या अर्जात सहा नावे असतात आणि त्यातल्या दोघांची वये चुकलेली असतात. या गणितात कामाचा वेळ घातांकी पद्धतीने विखुरलेला मानतात. मग सरासरी तीन मिनिटे असूनही २८ टक्के लोकांचे काम मिनिटाच्या आत होते, तर साडेतेरा टक्के लोक सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ खिडकी अडवतात. या मांडणीत एक चमत्कारिक गुण आहे: तिला स्मृती नसते. खिडकीवरचा माणूस पाच मिनिटांपासून उभा असला, तरी त्याचे उरलेले काम सरासरी तीनच मिनिटांचे धरायचे. रांगेतल्या कोणालाही हे पटणार नाही, पण हिशेब त्यामुळे फार सोपा होतो.

या शास्त्राचा उगम मात्र रेल्वेत नाही, टेलिफोनमध्ये आहे. डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नेर क्रारुप एर्लांग १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत दाखल झाले. किती फोन आले तर किती जणांना खोळंबावे लागेल, हा तिथला रोजचा प्रश्न होता. येणारे फोन पॉयसाँच्या नियमाने येतात, हे त्यांनी १९०९ च्या लेखात दाखवले आणि १९१७ साली प्रतीक्षेची सूत्रे मांडली. पुढे १९५३ साली इंग्लंडच्या डेव्हिड केंडल यांनी रांगांना नावे द्यायची पद्धत आणली. त्यात ही एका खिडकीची रांग ‘एम/एम/१’ झाली.

२७ मिनिटे येतात कुठून, हे शाळेतल्या बीजगणितानेच काढता येते. रांगेत शिरल्यापासून काम होईपर्यंतचा सरासरी एकूण वेळ W मिनिटे धरू. दर मिनिटाला सरासरी ०.३ माणसे येतात आणि प्रत्येक जण W मिनिटे तिथे असतो, म्हणून कुठल्याही क्षणी तिथे सरासरी ०.३ × W माणसे असणार. या साध्या दिसणाऱ्या नियमाची काटेकोर सिद्धता अमेरिकेच्या जॉन लिटल यांनी १९६१ साली दिली. आता नवा माणूस येतो. येण्याला कसलाच क्रम नसल्यामुळे त्यालाही समोर सरासरी तेवढीच माणसे दिसतात. खिडकीवरच्यासकट प्रत्येकाचे तीन मिनिटे धरले, की त्याची प्रतीक्षा ०.९ × W होते. त्यात त्याच्या स्वतःच्या कामाची ३ मिनिटे मिळवायची.

W = 0.9 W + 3

म्हणजे ही ३ मिनिटे W चा दहावा हिस्सा आहेत. W झाले ३०, त्यातली २७ रांगेतली. तिथे सरासरी ९ माणसे असतात, एक नुकताच आलेला धरून नव्हे.

समीकरणातले ०.९ म्हणजे खिडकीच्या वापराचे प्रमाण, १८ भागिले २०. उरलेले ०.१ म्हणजे तिचा रिकामा वाटा. एकूण वेळ काढायला कामाच्या सरासरी वेळाला या रिकाम्या वाट्याने भागायचे. लागणारा वेळ रिकामेपणाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, हेच यातले मर्म आहे. तासाला १२ जण आले, तर ४० टक्के वेळ खिडकी रिकामी राहते आणि प्रतीक्षा साडेचार मिनिटांची असते. १५ जणांना ९ मिनिटे. १८ जणांना २७. त्यात एकाची भर पडून १९ झाले, की ५७ मिनिटे! पूर्ण २० झाले, तर उत्तरच उरत नाही. रांग कुठे स्थिरावतच नाही.

म्हणूनच क्लार्क तासाला सहा मिनिटे बसून असतो, ही तक्रार करणाऱ्या साहेबाला रांगेचा हिशेब कळलेला नसतो. तो हिशेब उलट्या बाजूनेही चालतो. अर्ज नीट भरून घेण्याची व्यवस्था करून कामाचा सरासरी वेळ ३ मिनिटांवरून अडीचवर आणला, तर तासाला २४ जणांचे काम होऊ शकते, वापर ७५ टक्क्यांवर येतो आणि १८ जणांची प्रतीक्षा २७ मिनिटांवरून साडेसात मिनिटांवर उतरते. अर्धे मिनिट वाचवले, तर साडेएकोणीस मिनिटे परत मिळतात.

हे सूत्र वापरण्याआधी चार-सहा दिवस एकाच वेळेच्या तासाभरात माणसे कधी आली आणि प्रत्येकाचे काम कितीला सुरू होऊन कितीला संपले, याची नोंद करावी लागते. इथे एक चूक हटकून होते. किती जणांचे काम झाले तेवढेच मोजले जातात आणि लांब रांग पाहून परत फिरलेले सुटतात. मग वापर प्रत्यक्षाहून कमी दिसतो. दुसरी कसोटी कामाच्या वेळांची आहे. घातांकी विखुरणीत प्रमाण विचलन सरासरीइतके असते. सगळ्यांची कामे जवळपास सारख्याच वेळात होत असतील, तर सूत्र प्रतीक्षा फुगवून सांगते; वेळ अगदी एकसारखा असेल, तर ती बरोबर निम्मी होते, २७ ऐवजी साडेतेरा मिनिटे. उलट बस येऊन माणसे घोळक्याने उतरत असतील, तर रांग सूत्रापेक्षा लांब निघते.

तत्काळ तिकिटांच्या वेळी तर हे गणित बाजूलाच ठेवावे लागते. वातानुकूलित डब्यांची विक्री सकाळी १० वाजता सुरू होते, म्हणून माणसे आधीपासूनच उभी असतात. तिथे येणे मुळात मनमानी नसतेच, आणि सरासरी स्थिर व्हायला वेळही मिळत नाही. खिडकी उघडताना ४० जण उभे असतील, तर साधा गुणाकार पुरतो: शेवटच्या माणसापुढे ३९ जण, प्रत्येकाचे तीन मिनिटे, म्हणजे त्याचा नंबर जवळजवळ दोन तासांनी, बाराच्या सुमारास.