खांद्याचा धक्का आणि नळीतली काजळी

बारा बोअरच्या अर्धस्वयंचलित बंदुकीचा दस्ता खांद्याला न लावता घट्ट जमिनीवर टेकवून बार काढला, तर काय होतं? बंदूक वायूवर चालणारी असेल तर रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि दुसरं नळीत येऊन बसतं. बंदूक जडत्वावर चालणारी असेल तर बार निघतो, पण रिकामं काडतूस बहुधा आतच राहतं. बंदुकीत बिघाड काहीच नसतो. तिला मागे सरकायला जागा मिळालेली नसते, एवढंच.

ट्रॅप, स्कीट किंवा स्पोर्टिंग क्लेसाठी पहिली अर्धस्वयंचलित बंदूक घेणाऱ्याला दुकानात सहसा किंमत आणि लाकूड दाखवलं जातं. त्याने खरं तर विचारायला हवं ते हे, की बोल्ट मागे नेण्याची ताकद ही बंदूक कुठून आणते. धक्का कसा बसेल, साफसफाई किती लागेल आणि हलकं काडतूस चालेल का, या तिन्ही गोष्टी त्या एका उत्तरावर ठरतात.

जडत्वाची यंत्रणा आज ज्या नावाने ओळखली जाते ते बेनेली घराणं मूळचं मोटरसायकलवाल्यांचं, इटलीतल्या पेसारोचं. १९६७ मध्ये त्यांनी जवळच्याच उर्बिनोत बंदुकांचा कारखाना काढला. बोलोन्याचे ब्रूनो चिवोलानी यांची कल्पना त्यांच्या हाती आली होती. कल्पना अगदीच नवी नव्हती, कारण स्वीडनच्या श्योग्रेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जडत्वावर चालणारी बंदूक बनवली होती. पण ती जगभर पोचवली बेनेलीने.

एसटी अचानक सुटली की उभा प्रवासी मागे कलंडतो. गाडी निघते, त्याचं अंग जागच्या जागी राहू पाहतं. या बंदुकीत तो प्रवासी म्हणजे बोल्टचा जड भाग. बार होताच सगळी बंदूक मागे सरकते, बोल्टचा हा भाग मात्र क्षणभर होता तिथेच राहतो. त्याच्यात आणि बोल्टच्या फिरत्या डोक्यात एक आखूड, ताठ स्प्रिंग असते, ती दाबली जाते. छर्रे नळीतून निघून गेल्यावर ही स्प्रिंग उलगडते आणि बोल्टला मागे भिरकावते. डोकं फिरून कुलूप सुटतं, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि परतीच्या वाटेवर बोल्ट नवं काडतूस आत नेतो. नळीला भोक नाही, पिस्टन नाही, वायू कुठे वळवायचा नाही. बंदूक हलकी, पुढचा भाग सडपातळ आणि आतले भाग मोजकेच.

वायूवर चालणाऱ्या बंदुकीत नळीला खालून एकदोन बारीक भोकं असतात. छर्रे त्या भोकांपुढे गेले की मागून येणाऱ्या तापलेल्या वायूचा थोडा हिस्सा तिथून वळतो, पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन बोल्टला. १९६३ साली आलेल्या रेमिंग्टन ११०० ने ही पद्धत अमेरिकेतल्या स्कीटच्या मैदानांवर रुजवली. पुढे बेरेटा आणि ब्राउनिंग यांसारख्या कंपन्यांनी जास्तीचा वायू आपोआप बाहेर सोडणाऱ्या झडपा बसवल्या. कुकरची शिट्टी जास्तीची वाफ सोडून देते, तशाच या झडपा. त्यामुळे एकच बंदूक हलकं काडतूसही चालवते आणि बदकांच्या शिकारीचं जडही.

आता धक्क्याचं. धक्का किती, हे ठरतं नळीतून किती वजन किती वेगाने बाहेर गेलं आणि बंदूक किती जड आहे यावर. यंत्रणा कुठलीही असो, हा हिशेब चुकत नाही. बदलतो तो धक्क्याचा आकार. वायूच्या बंदुकीत पिस्टन आणि बोल्ट यांची मागेपुढे हालचाल त्या धक्क्याला थोडं लांबवते, त्यामुळे खांद्याला तो लांबट, मऊ रेट्यासारखा लागतो. जडत्वाच्या बंदुकीचा धक्का आखूड आणि टोकदार असतो, कुणी मुठीने टोचल्यासारखा. त्यात ती वजनालाही सहसा हलकी. पाचदहा बारांत हा फरक जाणवणारही नाही. पण दिवसाला शंभर तबकड्या मारणाऱ्याच्या गालाला आणि खांद्याला तो शेवटच्या पंचवीसांत नक्की कळतो. थकलेला नेमबाज चाप ओढण्याआधीच आक्रसतो आणि तबकडी हुकते. बेनेलीने पुढे दस्त्यातच रबरी पट्ट्यांची रचना घातली, ती याच तक्रारीवरचा उतारा म्हणून.

हलक्या काडतुसाची गोष्ट इथूनच सुरू होते. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात. क्लबांमध्ये २८ ग्रॅम सर्रास चालतात आणि जुन्या वळणाचे लोक ३२ ग्रॅम वापरतात. जडत्वाची बंदूक सव्वातीन किलोच्या आतबाहेर असते. ३.२ किलोच्या बंदुकीतून २८ ग्रॅमचं नेहमीच्या वेगाचं काडतूस उडवलं, तर ती मोकळी असल्यास सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने मागे येईल. २४ ग्रॅमने हा वेग साडेतीनच्या आसपास येतो. उतार किरकोळ वाटतो. पण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ती सुमारे वीस टक्क्यांनी घटते. आता त्याच बंदुकीला समतोलासाठी किंवा धक्का कमी करण्यासाठी अर्धा किलो वजन जोडलं, तर २४ ग्रॅमच्या काडतुसाने वेग तीनवर येतो आणि ऊर्जा पहिल्याच्या जेमतेम साठ टक्के उरते.

या हिशेबात जडत्वाच्या बंदुकीची खरी अडचण दिसते. धक्का हेच तिचं इंधन आहे. तो कमी करायला जे जे करावं, म्हणजे हलकं काडतूस घ्यावं, वजन वाढवावं, दस्ता खांद्यात आवळून धरावा, ते ते बोल्टची ताकद काढून घेतं. म्हणूनच उत्पादक माहितीपुस्तिकेत किमान किती भाराचं काडतूस चालेल ते लिहितात आणि नवी बंदूक आधी जड काडतुसांनी चालती करून घ्यायला सांगतात. नव्या स्प्रिंगचा ताठपणा थोडा सैलावला आणि पृष्ठभाग एकमेकांवर घासून गुळगुळीत झाले की हलकी काडतुसंही बऱ्याचदा निभावतात. बऱ्याचदा, दर वेळी नव्हे. स्कीटच्या जोडीत पहिली तबकडी फुटली आणि दुसरं काडतूस वर आलंच नाही, तर ती दुसरी तबकडी गेलीच.

ही मर्यादा बेनेलीच्या स्वतःच्या बंदुकांतही दिसते. त्यांच्या एम ३ ची पुढची कडी फिरवली की ती हाताने ओढून भरायची पंप बंदूक होते. जड काडतुसं जडत्वावर चालवावीत आणि बोल्ट हलवू न शकणारी कमी ताकदीची हाताने भरावीत, अशी ती सोय. अमेरिकी लष्कराला अर्धस्वयंचलित बंदूक हवी होती, तेव्हा दिवे, दुर्बिणी अशी जोडणी अंगावर घेऊनही ती चालायला हवी होती. त्या वेळी बेनेलीने जडत्व बाजूला ठेवलं आणि दोन आखूड पिस्टनांची वायूवरची एम ४ बनवली. अमेरिकेच्या मरीन दलाने १९९९ मध्ये ती एम १०१४ या नावाने स्वीकारली. जडत्वाचं घर म्हणून नावाजलेल्या कारखान्याने केलेला हा बदल कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जातो.

मग वायूची बंदूक बिनघोर का? तसंही नाही. तिचा हिशेब काजळीत चुकता होतो. प्रत्येक बारामागे थोडा धूर पिस्टनवर, वायूच्या कोठीत आणि काडतुसांच्या नळकांड्यावर बसतो. स्वस्त, हलक्या काडतुसांत दारू नीट जळत नाही, मग काजळी आणखी वाढते. शिवाय हलक्या काडतुसातली दारू झपाट्याने जळते आणि छर्रे भोकापर्यंत पोचेस्तोवर दाब उतरलेला असतो. भोकं काजळीने अर्धी बुजली असतील तर पिस्टनला पुरेसा वायू मिळतच नाही. रेमिंग्टन ११०० मध्ये वायू अडवायला रबराची एक कडी असते. ती तुटली की बंदूक एकेक काडतूस हाताने भरायची होऊन बसते. अनुभवी माणसं म्हणूनच खिशात एक जास्तीची कडी ठेवतात.

जडत्वाच्या बंदुकीत हा धूर नळीच्या तोंडातूनच बाहेर जातो. बोल्ट काढला तर तो जवळजवळ कोरडाच दिसतो, नळी पुसली आणि बोल्टवर तेलाचे दोन थेंब दिले की काम झालं. तिच्या बऱ्याच नमुन्यांत परतीची स्प्रिंग दस्त्यातल्या नळकांड्यात असते आणि तिथे ओल शिरून गंज धरतो. बाकी सगळं लखलखीत असूनही बंदूक अडखळत असेल तर तिथे पाहावं. दुसरी खोड बोल्टची. तो हळूच बंद केला किंवा चालताना ठेच लागून किंचित मागे सरकला, तर डोकं पूर्ण फिरत नाही. मग चाप ओढल्यावर नुसता खट्ट आवाज येतो. बोल्ट नेहमी मोकळा सोडावा, हाताने धरून बसवू नये.

दोन्ही बंदुका अडखळल्यावर लक्षणं सारखीच दिसतात. रिकामं काडतूस खिडकीत उभं अडकतं किंवा पायाशीच पडतं. पण वेळ पाहिली तर कारण कळतं. स्वच्छ बंदूक पहिल्याच डबीपासून अडखळत असेल आणि जड काडतुसाने लगेच सुरळीत होत असेल, तर काडतूस तिला हलकं पडतंय. जडत्वाच्या बंदुकीचं हे ठरलेलं लक्षण. सकाळी नीट चाललेली बंदूक काही डब्यांनंतर सुस्तावत जाऊन अडू लागली, तर काजळी, आणि ती बहुधा वायूची. चांगली चाललेली बंदूक रिकामं काडतूस दोनेक मीटर लांब फेकते. ते अंतर घटायला लागलं की बंदूक अडायच्या आधीच नेमबाजाला इशारा मिळालेला असतो.

चिखलपाण्यात हिंडून जड काडतुसं मोजकीच उडवणाऱ्याला जडत्वाची बंदूक शोभते. आठवड्याला दोनचारशे तबकड्या मारणाऱ्याने २४ आणि २८ ग्रॅमसाठी साडेतीन किलोपुढची वायूची बंदूक घ्यावी, आणि दर रविवारी संध्याकाळी पिस्टन उघडून पुसायची अर्ध्या तासाची तयारी ठेवावी. विकत घेण्याआधी मात्र आपण रोज वापरणार त्याच काडतुसाच्या दोन डब्या त्या बंदुकीतून उडवून पाहाव्यात. पन्नासांतलं एकही अडकलं तर बंदूक नाहीतर काडतूस बदलावं.