स्टेटमेंटचा एक फोटो

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीएच्या ऑफिसात काय चाललेलं असतं, हे त्या धंद्याशी थोडाही संबंध आलेल्याला माहीत आहे. टॅक्स ऑडिटची ३० तारीख डोक्यावर असते, मुदत वाढणार की नाही यावर पैजा लागलेल्या असतात आणि आर्टिकलशिप करणारी पोरं रात्री नऊनंतरही टॅलीत एंट्र्या मारत बसलेली असतात. अशा वेळी एखाद्या पार्टीकडून बँक स्टेटमेंटची छापील पानं येतात. वीस-पंचवीस पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली, हातानं टाइप करायची म्हटली तर अख्खा दिवस जाणार. पोरगा खिशातला मोबाइल काढतो, पानांचे फोटो घेतो, आपल्या स्वतःच्या चॅटजीपीटी खात्यात टाकतो आणि लिहितो, 'याचा एक्सेल तक्ता करून दे.' पाच मिनिटांत काम होतं. सरांना कळतही नाही.

यात त्या मुलाचा हेतू वाईट नसतो. उलट तो हुशार असतो, म्हणूनच त्याला हे सुचतं. पण ऑफिसच्या नियमांत नेमकी याच जागी फट असते. बहुतेक ऑफिसांची सगळी भिस्त कॉम्प्युटरवर टाकलेल्या कुलपावर असते. पेनड्राइव्ह बंद, ठरावीक वेबसाइट बंद, मोठ्या कंपनीत तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. मोबाइलचा कॅमेरा यातल्या कशातच सापडत नाही. फोटो कागदाचा असो वा लॅपटॉपच्या स्क्रीनचा, तो ऑफिसच्या नेटवर्कला न शिवता मोबाइल डेटावरून बाहेर पडतो. साइट जितकी कडक बंद, तितका मोबाइल जास्त बाहेर निघतो, असाच अनुभव आहे.

आता त्या एका पानाच्या फोटोत काय काय जातं ते पाहू. वरच्या भागात खातेदाराचं नाव, पत्ता, खाते क्रमांक, मोबाइल नंबर. हे सगळ्यांच्या लक्षात येतं, आणि सावध माणूस त्यावर बोट ठेवून किंवा पान दुमडून फोटो काढतो. खरा माल खालच्या नॅरेशनच्या रकान्यात असतो. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहारापुढे समोरच्याचं नाव किंवा यूपीआय आयडी छापलेला असतो, आणि अनेकांचा आयडी म्हणजे त्यांचा मोबाइल नंबरच. एनईएफटीच्या ओळींत कामगारांची नावं आणि पगाराच्या रकमा. कुठे हॉस्पिटलचं बिल, कुठे मुलाच्या शाळेची फी, कुठे कर्जाचा हप्ता बाउन्स झाल्याची नोंद. वरचं नाव झाकलं तरी एवढ्या तपशिलावरून गावातला कुणीही ओळखेल की हा कुणाचा कारखाना. शिवाय ज्या कामगारांचे पगार त्या पानावर आहेत, ते तर ऑफिसचे क्लायंटही नाहीत. त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

टाइप करताना माणूस निवड करतो, काय लिहायचं, काय गाळायचं ते ठरवतो. फोटो निवड करत नाही. चौकटीत जे आलं ते सगळं गेलं. टेबलावर शेजारी पडलेल्या दुसऱ्या पार्टीच्या फाइलवरचं नाव, उघड्या स्क्रीनवरचं पोर्टल, कोपऱ्यातला पॅनकार्डाचा झेरॉक्स, सगळं. मोबाइलच्या मूळ फोटोफाइलमध्ये वेळ, मोबाइलचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. त्यात आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. फोटो काढल्याबरोबर तो गुगल फोटोज किंवा आयक्लाउडच्या बॅकअपमध्येही जातो. म्हणजे चॅटमध्ये काही टाकायच्या आधीच पार्टीचं स्टेटमेंट आर्टिकलच्या घरच्या खात्यात, बहिणीच्या लग्नाच्या फोटोंशेजारी जाऊन बसलेलं असतं.

खोडाखोडीवर फार विसंबू नये. मोबाइलमधल्या हायलाइटरनं काळी पट्टी ओढली तर ती पुष्कळदा अर्धपारदर्शक असते, ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे दिसू लागतात. २०२३ मध्ये तर गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप साधनात एक दोष उघड झाला होता. कापून टाकलेला स्क्रीनशॉटचा भाग फाइलमध्ये तसाच उरत होता आणि जाणकाराला तो काही अंशी परत मिळवता येत होता. झाकायचंच असेल तर फोटो काढण्याआधी कागदावर कोरा कागद ठेवून झाका. जे कॅमेऱ्याला दिसलंच नाही, ते फाइलमध्ये येणार नाही.

अपलोड झाल्यावर पुढे काय होतं, याबद्दल ऑफिसांत दोन टोकाच्या समजुती आढळतात. एक म्हणजे 'आता हे आकडे उद्या कुणालाही सांगेल.' दुसरी म्हणजे 'चॅट डिलीट केलं, विषय संपला.' पहिली भीती अतिशयोक्त आहे, दुसरा दिलासा खोटा. व्यक्तिगत खात्यात टाकलेला मजकूर मॉडेल सुधारण्यासाठी वापरला जाऊ शकतो. चॅटजीपीटीत Settings मधल्या Data controls खाली Improve the model for everyone हा पर्याय बंद करता येतो, पण तो बंद असतानाही एखाद्या उत्तराला अंगठा दाखवला तर ते संभाषण वापरात येऊ शकतं. गुगलच्या जेमिनीत काही संभाषणं माणसं वाचतात, तशी वाचलेली संभाषणं तीन वर्षांपर्यंत ठेवली जाऊ शकतात, आणि गोपनीय माहिती टाकू नका असं गुगल स्वतःच बजावतं. डिलीट केलेलं चॅटही लगेच नाहीसं होत नाही, त्याला साधारण ३० दिवसांची मुदत असते. २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात अमेरिकेतल्या कोर्टानं ओपनएआयला असा डेटा पुसू नये, जपून ठेवावा असा आदेश दिला आणि काही महिने ती मुदतही गुंडाळली गेली. पुण्यातल्या एखाद्या पार्टीची गोपनीयता मॅनहॅटनमधल्या खटल्याच्या तारखेवर अवलंबून राहावी, हे मला तरी पटत नाही.

माझ्या मते यापेक्षाही मोठा प्रश्न खात्याच्या मालकीचा आहे. ते खातं आर्टिकलचं आहे, ऑफिसचं नाही. दोन वर्षांची आर्टिकलशिप संपली की मुलगा निघून जातो आणि वीस पार्ट्यांची स्टेटमेंट्स त्याच्या चॅटच्या इतिहासात राहतात. सरांना ती दिसत नाहीत, पुसता येत नाहीत आणि कुठल्या पार्टीचं काय गेलं याची यादीही करता येत नाही. कायद्याच्या नजरेनं मात्र जबाबदारी सरांकडेच येते. चार्टर्ड अकाउंटंट्स अॅक्ट, १९४९ च्या दुसऱ्या परिशिष्टात, पहिल्या भागाच्या पहिल्याच कलमात, व्यवसायात कळलेली माहिती क्लायंटच्या संमतीविना किंवा कायद्यानं भाग पाडल्याशिवाय दुसऱ्याला देणं हे गैरवर्तन ठरवलं आहे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही सांगतो की, लोकांची माहिती हाताळायला तिसऱ्याला द्यायची तर वैध करार हवा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. ऑफिसनं घेतलेल्या व्यावसायिक खात्यात असा करार असतो, आणि ओपनएआय त्यातला डेटा मुळात प्रशिक्षणाला वापरत नाही. आर्टिकलच्या फुकट खात्यात ऑफिस आणि कंपनी यांच्यात काहीच नातं नसतं.

मग सरसकट बंदी घालावी का? सॅमसंगनं घातली. २०२३ मध्ये तिथल्या इंजिनिअरांनी सोर्स कोड आणि मीटिंगचा मजकूर चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि मे महिन्यात कंपनीनं आपल्या उपकरणांवर अशी साधनं वापरायला मनाई केली. आपल्या अर्थ मंत्रालयानंही जानेवारी २०२५ मध्ये सरकारी कॉम्प्युटर आणि उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधनं टाळायला सांगितलं. मंत्रालयाला ते शोभतं. आठ माणसांच्या ऑफिसात बंदी म्हणजे मोबाइल टेबलाखाली धरून केलेलं तेच काम. असं आपण आधीही पाहिलं आहे. जून २०२० मध्ये बंदी आलेल्या ५९ अॅपमध्ये कॅमस्कॅनर होतं, आणि तोवर अनेक ऑफिसं पार्ट्यांची आधार-पॅन त्यावरूनच स्कॅन करत होती. बंदी आल्यावर लोकांनी दुसरं अॅप उतरवलं. कागद कुठे जातो, हे तेव्हाही फार थोड्यांनी विचारलं.

चालणारा नियम लहान असतो आणि कागद बघून बोलतो. नोटीस बोर्डावर लावता येईल असा एक मसुदा इथे देतो: 'पार्टीचं नाव, नंबर किंवा व्यवहार असलेला कुठलाही कागद स्वतःच्या मोबाइलनं टिपायचा नाही. स्कॅन ऑफिसच्या स्कॅनरवर, साधन वापरायचं तर फक्त ऑफिसच्या खात्यातून, आणि तेही पार्टीच्या एंगेजमेंट लेटरमध्ये तशी संमती असेल तरच. कायद्याचा प्रश्न, एक्सेलचा फॉर्म्युला, पत्राचा नमुना हे नाव-आकडे न घालता खुशाल विचारा.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. काय चालेल हे सांगितलं नाही, तर काय चालणार नाही हेही कुणी मनावर घेत नाही.

व्हाइटबोर्डाला एक ओळ वेगळी लागते. मीटिंग संपताना 'मिनिट्स काढतो' म्हणून कुणीतरी बोर्डाचा फोटो घेतं, आणि त्या बोर्डाच्या कोपऱ्यात सकाळच्या मीटिंगमधला दुसऱ्याच पार्टीचा नफ्याचा अंदाज आणि वायफायचा पासवर्ड असतो. मीटिंग सुरू करण्याआधी बोर्ड पूर्ण पुसायचा, एवढी सवय पुरते.

आणि चुकून गेलंच तर? त्याच दिवशी सांगायचं. चॅट काढून टाकायचं, फोटो मोबाइलमधून काढायचा आणि गुगल फोटोजच्या ट्रॅशमधूनही, कारण बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस पडून राहतो. कुठली पानं, किती वाजता, कुठल्या खात्यात गेली, हे लिहून ठेवायचं, आणि सरांनी पार्टीला कळवायचं. त्याच दिवशी सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे नियमात लिहायलाच हवं. नाहीतर तोंड उघडणार कोण?

बहुतेक वेळा या फोटोची गरजच नसते. जवळपास सगळ्या मोठ्या बँकांच्या नेटबँकिंगवरून तेच स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवता येतं. त्यात ३ चा ८ होत नाही, फोटोत दुमडलेली ओळ गळत नाही, आणि शिलकेचा मेळ पुन्हा बसवत बसावा लागत नाही. तेव्हा पुढच्या वर्षी पार्टीला कागदपत्रांची यादी पाठवताना त्यात एक ओळ घाला: बँक स्टेटमेंट छापून नको, एक्सेल फाइल द्या.