गोळी कुटण्याआधी

‘सिस्टर, औषधांच्या कागदाचा फोटो पाठवलाय. 1-0-1 वगैरे तुम्हाला सांगायला नको. पण हा कागद आई स्वतः गोळ्या गिळत होत्या तेव्हाचा आहे. आता नाकातून नळी आहे, म्हणून तीन ओळींबद्दल लिहिते. ओळ 2, बीपीची एक्सएल गोळी : कुटायची नाही. डॉक्टरांनी बदलून साधी दिलीय, ती 1-0-1. ओळ 3, ॲसिडिटीची गोळी : तीही कुटायची नाही, त्याऐवजी पाण्यात विरघळणारी आणलीय. ओळ 5, फिटचं पातळ औषध 4 मिली : फीडबरोबर द्यायचं नाही, आणि बाटलीवर 125 लिहिलंय ना, ते आधी बघा.’

अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी एखादी सून घरी येणाऱ्या नर्सला लिहील अशी ही चिठ्ठी. फोटोत कोणतं औषध, किती आणि केव्हा एवढं असतं. ते पोटात कसं पोचवायचं, हे बहुधा नसतं. आणि राइल्स ट्यूब लागली की सगळा प्रश्न तिथेच असतो, कारण घरोघरी दिसेल ती गोळी खलबत्त्यात कुटून, पाण्यात कालवून सिरिंजने ढकलली जाते.

ओळ 2 मधली गोळी मेटोप्रोलॉल सक्सिनेटची. वरून ती साधी दिसते, पण आत शेकडो बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर वेगळं आवरण असतं. त्यातून औषध दिवसभर थोडं थोडं झिरपतं, म्हणून ती दिवसातून एकदाच पुरते. मधल्या खाचेवर तिचे दोन तुकडे केले तरी चालतं, कारण दाणे शाबूत राहतात. कुटली की दाणे फुटतात आणि दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरतो. नाडी मंदावते, बीपी उतरतं, रुग्ण घामेजून मलूल पडतो. बोलता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ‘आज जरा जास्तच झोपल्यात’ म्हणून हे सहज नजरेआड होतं. तेव्हा नाडी आणि बीपी मोजणं हाच उपाय.

ओळ 3 मधल्या पँटोप्राझोलची गोष्ट उलटी. त्याला जठरातलं आम्ल सोसत नाही, म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारा लेप असतो आणि ती पुढे लहान आतड्यात उघडते. कुटल्यावर अपाय होत नाही, उपयोगच होत नाही, आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. बदली दिलेली लॅन्सोप्राझोलची गोळी पाण्यात सुटते. तिचे बारीक कण मात्र लेप असलेलेच असतात. ते चमच्याने चिरडायचे नाहीत, सिरिंज हलवत हलवत लगेच नळीत सोडायचे.

सगळ्यात नाजूक ओळ पाचवी, फेनिटोइनची. नळीतल्या फीडबरोबर दिलं तर ते नीट शोषलं जात नाही आणि रक्तातली पातळी घसरते. 1980च्या दशकापासून डॉक्टरांना हे माहीत आहे. म्हणून औषधाच्या आधी आणि नंतर एक ते दोन तास फीड थांबवतात. पण तीन वेळच्या औषधासाठी इतके तास उपाशी ठेवलं तर पोषण घटतं. फीडचं वेळापत्रक डॉक्टरांनीच बसवून द्यायला हवं, नर्सच्या अंदाजावर ते सोडू नये. आधी आणि नंतर साधारण 30 मिली पाण्याने नळी धुवायची. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर त्यांच्या हिशेबाने.

आता ‘4 मिली’. 5 मिलीत 125 मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून 4 मिली म्हणजे 100 मिलिग्रॅम. पण 5 मिलीत 30 मिलिग्रॅम असलेली बाटलीही बाजारात मिळते. केमिस्टने ती दिली, तर त्याच 4 मिलीत जेमतेम 24 मिलिग्रॅम जातात आणि फिट येऊ शकते. फोटोत मात्र डोस बरोबरच दिसतो. शिवाय औषध तळाशी बसतं. बाटली नीट हलवली नाही तर सुरुवातीला डोस कमी आणि बाटली संपत आली की जास्त. जास्त झाल्याची खूण म्हणजे बुबुळं आपोआप थरथरणं, जीभ जड होणं, गुंगी. अशा वेळी पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

या सुनेच्या चिठ्ठीत मला एकच गोष्ट खटकते. फोटो एक सांगतो आणि चिठ्ठी दुसरं. रविवारी बदली नर्स आली तर तिला फोटो दिसेल, चिठ्ठी दिसेलच असं नाही. डॉक्टरांनी औषध बदललं की कागद नव्याने लिहावा, मिलीसोबत मिलिग्रॅमही लिहावेत, वर तारीख घालावी, नवा फोटो पाठवावा आणि जुना सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावावा. घरात कुणाला नळी लागली असेल, तर आजच औषधांचा कागद आणि सगळ्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा : ही कुटली तर चालेल का?