मांजराच्या कानातली काळी भुकटी

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉबर्ट लोपेझ या पशुवैद्याने एका मांजराच्या कानातली घाण काढली, ती माइटने भरलेली असल्याची खात्री केली आणि सरळ स्वतःच्या डाव्या कानात घातली. काही क्षणांतच आत खरवडल्याचे आवाज आणि असह्य खाज सुरू झाली. रात्री तर हे जीव अधिकच चेकाळत, झोपेचं खोबरं होई. हा अनुभव त्याने 1993 साली एका पशुवैद्यकीय नियतकालिकात छापला आणि पुढच्या वर्षी त्याला इग्नोबेल पुरस्कार मिळाला. वेडेपणाच तो, पण सतत कान खाजवणाऱ्या मांजराचं काय होत असेल, ते त्यातून कळतं.

हा माइट अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. एका मांजराकडून दुसऱ्याकडे तो सहज जातो, त्यामुळे पिल्लांना बहुधा आईकडूनच मिळतो. त्याची खूण म्हणजे कानात साचलेली, कॉफीच्या चोथ्यासारखी कोरडी, काळपट भुकटी. मात्र बुरशीच्या संसर्गातही तपकिरी मळ येतो, म्हणून डॉक्टर तो काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पिवळसर पू, उग्र वास, लाल सुजलेला कान किंवा हात लावताच मांजराचं ओरडणं, ही लक्षणं जिवाणूंकडे बोट दाखवतात. मान एका बाजूला कलली, चालताना तोल जाऊ लागला, तर संसर्ग आतल्या कानापर्यंत गेलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घोटाळा होतो तो घरगुती उपायांनी. मांजराची कर्णनलिका आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. इअरबडने मळ निघत नाही, उलट त्या वळणापलीकडे ठासला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि व्हिनेगर खाजवून सोललेल्या कातडीला भाजतात. टी ट्री तेल मांजराला विषारी आहे. कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध तर जिवावर बेततं. माणसांचे कानाचे थेंबही नकोत, कारण पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी बहिरेपण येतं. पडदा शाबूत आहे की नाही, हे घरी पाहता येत नाही.

डॉक्टरांनी कान तपासून साफ करायला सांगितला असेल, तर त्यांनी दिलेला द्रव कोमट करून कानात सोडावा, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळावं, मांजराला डोकं झटकू द्यावं आणि वर आलेला मळ कापसाने टिपावा. दिसतं तेवढंच पुसायचं. निरोगी कानाला तर मुळीच हात लावू नये, मांजर ते काम स्वतः करतं.

माइटवर मानेच्या कातडीवर सोडायचं सेलामेक्टिनसारखं औषध असतं. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला सुमारे 3 आठवडे लागतात, म्हणून खाज थांबली तरी सांगितलेला दुसरा डोस चुकवू नये. घरातल्या बाकीच्या मांजरांना आणि कुत्र्यांनाही उपचार लागतात, मात्र कुत्र्याचा डोस वेगळा विचारून घ्यावा.